मागच्या जिन्याचे दार आणि पुसट रेघा : शेजाऱ्यांना द्यायच्या पत्राविषयी

प्रश्न : आमची जळगावची सोसायटी आहे, खाली पार्किंग, वर सात मजले, २८ फ्लॅट. पार्किंगच्या रेघा पुसट झाल्या आहेत आणि मागच्या जिन्याच्या दारासमोर रोज गाड्या उभ्या असतात. दार १ मीटर रुंद आहे, तिथली दुचाकींची रांग १८ मीटर लांब आहे. आवाराचे अकरा फोटो काढले आहेत, सोबत जोडतो. सर्वांना एक पत्र द्यायचे आहे, पण मागच्या वेळी ग्रुपवर फोटो टाकला तर भांडण झाले. पत्रात काय लिहू, कोणते फोटो लावू, आणि आधी रेघा मारून घेऊ की आधी पत्र देऊ?

उत्तर :

आधी पत्र द्या. मात्र पत्राच्याही आधी एक काम आहे आणि ते आज रात्रीपर्यंत व्हायला हवे. तुमच्या सातव्या फोटोत स्कूटरच्या आरशामागे दाराचा कोयंडा दिसतो आणि त्यात कुलूप आहे. फोटो गाडी दाखवण्यासाठी काढलेला असल्यामुळे कुलपाकडे तुमचे लक्ष गेले नसावे. हे कुलूप बाहेरच्या बाजूने आहे, म्हणजे जिन्यावरून खाली येणाऱ्याच्या हातात किल्ली असली तरी तिचा उपयोग नाही. गाड्या हलवल्या आणि कुलूप तसेच राहिले, तर फोटोत सारे व्यवस्थित दिसेल आणि दार बंदच असेल. चोरीच्या भीतीने मागच्या दाराला कुलूप लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती भीती खोटीही नाही. त्यावरचा उपाय असा, की बाहेरून उघडण्याची कोणतीही सोय ठेवायची नाही आणि आतून मात्र किल्लीवाचून, एका हाताने उघडेल अशी कडी बसवायची. जमल्यास आडवी दांडी ढकलली की उघडणारा पॅनिक बार बसवावा, आणि दार आपोआप मिटण्यासाठी वर डोअर क्लोजर लावावा. ते होईपर्यंत कुलूप काढून आतली कडी वापरा.

आता फोटोंकडे येतो. मी गेली एकवीस वर्षे जळगाव, भुसावळ आणि धुळे भागात इमारतींच्या अग्निसुरक्षा व्यवस्थेची तपासणी करतो. तुमच्या अकरा फोटोंतले सर्वांत मोलाचे फोटो तुम्ही पुढे केलेले नाहीत, असे मला वाटते. पुसट रेघांचे पहिले पाच फोटो आणि अडलेल्या दाराचे सहावा व सातवा फोटो, अशी तुम्ही दोन तक्रारींची विभागणी केली आहे. नववा फोटो मात्र दोन्हींना जोडतो. दारासमोरच्या फरशीचा तो फोटो मोठा करून पाहा. धुळीखाली तिरक्या पिवळ्या पट्ट्यांचे तीन तुकडे स्पष्ट दिसतात. याचा अर्थ इमारत बांधली तेव्हा या दारासमोर गाडी न लावण्याची पिवळी चौकट आखलेली होती. ती मिटली आणि मग तेथे गाड्या लागू लागल्या.

हे नुसते अनुमान नाही, तुमच्याच तिसऱ्या फोटोत त्याचे गणित आहे. दुचाकीची एक जागा आपल्या नियमावलीप्रमाणे १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब धरतात. तुमची मागची रांग १८ मीटरची, म्हणून तेथे १८ गाड्या बसायला हव्यात. फोटोत मी १३ मोजल्या, आणि रांग तर भरलेली दिसते. पहिली गाडी तिरकी, तिच्या शेजारची तिला धक्का लागू नये म्हणून हातभर दूर, पुढची पुन्हा तिरकी. रेघ मिटली की मनुष्य शेजारच्या गाडीकडे पाहून आपली गाडी लावतो, आणि प्रत्येक जण थोडी जास्त जागा घेतो. अशा रीतीने पाच गाड्या रांगेबाहेर पडल्या. सहाव्या आणि सातव्या फोटोत दारासमोर तीन गाड्या आहेत, अकराव्या फोटोत फाटकाच्या खांबापाशी दोन. पाचाचा हिशेब येथे पुरा होतो. त्या तिघांनी मुद्दाम दार अडवले असे समजण्याचे कारण नाही. रात्री उशिरा येणाऱ्याला जी मोकळी जागा दिसली, तेथे त्याने गाडी लावली. पत्राचा सूर यावरूनच ठरतो. ज्यांच्या गाड्या दारासमोर आहेत त्यांच्याइतकीच जबाबदारी रांगेत ऐसपैस गाडी लावणाऱ्या तेरा जणांची आहे, आणि रेघा मिटू देणाऱ्या समितीचीही आहे.

रेघा खरोखर मिटल्या आहेत की मातीखाली गेल्या आहेत, हेही तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची जी धूळ उडते आणि पावसाळ्यात टायरांबरोबर जो चिखल आत येतो, त्याचा थर घोटीव काँक्रीटवर असा बसतो की खालचा पांढरा रंग दिसेनासा होतो. मीटरभर रेघ बादलीभर पाण्याने आणि तारेच्या ब्रशने धुऊन वाळू द्या. पांढरे वर आले तर तूर्त धुणे पुरेल. रंग पापुद्र्यांनी सुटला असेल, तर तो मुळात ओल्या किंवा धुळकट जमिनीवर मारला होता. बोटाला खडूसारखी भुकटी लागली, तर उन्हाने रंगातला धरून ठेवणारा घटक संपवला आहे; उघड्या आवारात बहुधा असेच होते आणि इमारतीखाली मात्र वळणारे टायर रंग ओरबाडून नेतात. तुमचा चौथा फोटो फरशी ओली असताना काढलेला दिसतो. ओल्या काँक्रीटवर धड रेघही पुसट दिसते, म्हणून तो फोटो पत्रास जोडू नका. कोणी एखाद्याने खाली जाऊन कोरड्या फरशीवर रेघ दाखवली, तर बाकीच्या फोटोंवरचाही विश्वास उडेल.

सहाव्या फोटोत तुम्ही दारापासून स्कूटरपर्यंत टेप धरून ४५ सेंटिमीटर अंतर दाखवले आहे, हे फार चांगले केले. माझ्या मते पत्रास जोडण्याचा मुख्य फोटो हाच. केवळ "दार अडले आहे" असे लिहिले की कोणी तरी म्हणतोच, "जाऊ द्या ना भो, माणूस तर जातो तिथून." त्याचे म्हणणे मोजून पाहू. दार १ मीटर रुंदीचे, बाहेर उघडणारे. भिंतीला समांतर उभ्या असलेल्या स्कूटरपर्यंत ४५ सेंटिमीटर अंतर. म्हणजे दाराची कड स्कूटरला टेकते तेव्हा दार जेमतेम २७ अंश उघडलेले असते आणि चौकट व कड यांच्यामध्ये साधारण ४६ सेंटिमीटरची फट राहते. त्या फटीतून सडसडीत मनुष्य अंग चोरून बाहेर येईल, पण बाहेर येताच त्याला भिंत आणि स्कूटर यांमधल्या तेवढ्याच बोळातून सरकावे लागेल. कडेवर मूल असलेली बाई, वॉकर घेऊन चालणारे आजोबा, किंवा आजाऱ्याला खुर्चीवर उचलून आणणारे दोघे त्यातून निघणार नाहीत. शिवाय मागून लोक ढकलत असतील, तर दार स्कूटरवर दाबले जाऊन ती पडते आणि पडलेली गाडी दाराला अडसर होते. आणखी एक फोटो काढा : कुलूप काढल्यावर दार जेवढे उघडेल तेवढे उघडून, फटीत आडवी टेप धरून. माझे ४६ आणि तुमची टेप यांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडेल; पत्रात तुमचाच आकडा लिहा.

हेच दार का महत्त्वाचे, हे पत्रात दोन-तीन वाक्यांत सांगावे लागेल, कारण बहुतेक रहिवाशांनी मागचा जिना वर्षानुवर्षे वापरलेला नसतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत मुख्य जिना पार्किंगच्या मधोमध, लिफ्टला लागून उतरतो आणि विजेच्या मीटरांचे पॅनेल त्याच्या शेजारच्या भिंतीवर आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य इमारतींची रचना अशीच असते. मीटरच्या जोडणीत तापून ठिणगी पडली किंवा खालच्या एखाद्या गाडीने पेट घेतला, तर धूर वर जाण्याची वाट शोधतो आणि सर्वांत सोपी वाट असते मुख्य जिना; तो धुराड्यासारखे काम करू लागतो. वरच्या मजल्यावरचा मनुष्य दार उघडतो तेव्हा त्याला आग दिसत नाही, काळा धूर दिसतो. लिफ्ट वापरायची नसते. उरतो तो कोपऱ्यातून थेट मोकळ्या बाजूला उतरणारा मागचा जिना. म्हणजे पार्किंगमध्ये आग लागेल त्या दिवशी मागचा जिना हाच एकमेव जिना असतो, आणि त्याच दिवशी त्याच्या तोंडाशी पेट्रोलच्या टाक्या असलेल्या तीन गाड्या उभ्या असतात.

आठव्या फोटोविषयीही बोलले पाहिजे. दाराच्या आतल्या बाजूच्या फोटोत जिन्याच्या वळणावर प्लास्टिकने झाकलेले दोन कूलर दिसतात. खान्देशात हे घरोघरचे दुखणे आहे. पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला की कूलर खिडकीत जातो, आणि पाऊस सुरू झाला की तो जिन्याखाली येतो. पुढच्या मार्चपर्यंत त्याची कोणाला आठवण राहत नाही. पण कूलरच्या तट्ट्यांतले सुकलेले गवत किंवा खस झटकन पेटते, प्लास्टिकच्या टाकीचा धूर घातक असतो, आणि वळणावरची जागा अर्धी झालेली असते. गाड्या बाहेर हलवून कूलर आत ठेवले, तर अडथळा फक्त दाराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. म्हणून पत्रात दाराची बाहेरची आणि आतली अशा दोन्ही बाजू एकाच विनंतीत घ्या.

मागच्या वेळी भांडण का झाले, हे तुम्ही लिहिले नसले तरी दहाव्या फोटोवरून कळते. त्यात गाडीचा नंबर ठळक आहे आणि गाडीजवळ उभ्या गृहस्थांचा चेहराही. असा फोटो सर्वांसमोर आला की तो दाराचा फोटो राहत नाही, त्या माणसाचा होतो. मग चर्चा मार्गाची न होता इतर कोणाकोणाच्या गाड्या कोठे असतात याची होते. पत्रास तीनच फोटो लावा : टेपसह सहावा, पिवळ्या पट्ट्यांचे अवशेष दाखवणारा नववा, आणि दार किती उघडते हे दाखवणारा नवा. तिन्हींमध्ये नंबर आणि चेहरे झाका. मूळ फोटो तारखेसह समितीच्या नोंदीत राहू द्या. अकरावा फोटो लावू नये. तो मोबाईलच्या रुंद लेन्सने काढलेला असल्यामुळे फाटकापासून दारापर्यंत क्रिकेटचे मैदान असल्यासारखे वाटते. जागा दाखवण्याचे फोटो नेहमीच्या लेन्सने, छातीच्या उंचीवरून घ्यावेत.

फोटोंच्या वेळेबद्दल माझाच एक अनुभव सांगतो, कारण त्याची लाज मला आजही वाटते. भुसावळच्या एका इमारतीची तपासणी मी सकाळी अकरा वाजता केली. मंडळी कामावर गेलेली होती, मार्ग मोकळा होता आणि मी तशी नोंद केली. काही दिवसांनी त्याच इमारतीत एका परिचिताकडे रात्री जेवायला गेलो, तर त्याच दारासमोर दोन ओळींत गाड्या होत्या. तपासणी करणारा दिवसा येतो आणि गाड्या रात्री येतात. म्हणून रहिवाशाने रात्री साडेदहाला आणि पहाटे सहाला घेतलेल्या फोटोला तपासनीसाच्या भेटीपेक्षा जास्त किंमत आहे. तुमचे सर्व फोटो एकाच संध्याकाळचे दिसतात. आठवड्यातल्या तीन वेगवेगळ्या रात्री, त्याच खांबाजवळ उभे राहून, तोच फोटो पुन्हा घ्या. एका रात्रीच्या फोटोला "त्या दिवशी पाहुणे होते" हे उत्तर मिळते, तीन रात्रींच्या फोटोंना ते मिळत नाही.

कायद्याचा उल्लेख पत्रात असावा, पण धाक म्हणून नसावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमच्या बाबतीत सोसायटीची आणि पर्यायाने सर्व सभासदांची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन त्याचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे "फॉर्म बी" म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यायचे असते. अडलेल्या मार्गाला "ठीक आहे" असा शेरा घेणे शक्य असते, हे मी वर कबूल केलेच आहे. तो कागद फायलीत असला म्हणून दार ४६ सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडत नाही. दंड, जप्ती, पोलीस यांची भाषा पहिल्या पत्रात आणू नका. ती एकदा वापरली की दुसऱ्या पत्रासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

पत्रात आणखी एक खबरदारी घ्या. दोन कामांना दोन वेगवेगळ्या मुदती द्या. दार मोकळे करण्याची मुदत आजची आणि जिन्यातले सामान हलवण्याची फार तर येत्या रविवारपर्यंतची, कारण त्याला खर्च नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. रेघांची मुदत पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन आठवड्यांची, कारण त्यासाठी जमीन कोरडी लागते आणि पार्किंग रिकामे करावे लागते. दोन्ही एकाच वाक्यात लिहिले, तर "रेघा मारा, मग आम्ही गाडी हलवू" असे उत्तर येईल आणि ते तुम्हाला खोडता येणार नाही. आणि ज्या पाच गाड्या हलवायच्या, त्यांनी कोठे जायचे हे त्याच पत्रात सांगितले पाहिजे. जागा न दाखवता "येथे लावू नका" एवढेच लिहिले, तर गाडी फाटकापाशी जाईल आणि अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडवेल. मी पत्र असे लिहिले असते :

"सर्व सभासद आणि भाडेकरू बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार. आपल्या इमारतीच्या मागच्या जिन्याचे दार हा आग लागल्यास बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे. मुख्य जिना मीटर आणि पार्किंगच्या मधोमध उतरतो. तेथे धूर झाल्यास वरच्या सर्वांना याच दाराने बाहेर यावे लागेल. सोबतच्या पहिल्या फोटोत दारासमोरची गाडी ४५ सेंटिमीटरवर आहे आणि दुसऱ्यात दार किती उघडते ते दिसते. वॉकर घेतलेली किंवा मूल कडेवर घेतलेली व्यक्ती यातून बाहेर पडू शकत नाही. तिसऱ्या फोटोत जुन्या पिवळ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. ही जागा मुळातच मोकळी ठेवलेली होती. पट्ट्या पुसट होऊ दिल्या ही समितीची चूक आहे. फोटोतल्या गाड्या कोणाच्या आहेत हा प्रश्न नाही, म्हणून नंबर झाकले आहेत.

आज रात्रीपासून तीन विनंत्या आहेत. दारासमोर खडूने आखलेल्या चौकटीत कोणतीही वस्तू किंवा वाहन थोडा वेळदेखील ठेवू नये. मागच्या जिन्यात आणि वळणांवर ठेवलेले कूलर, खोकी, सायकली येत्या रविवारपर्यंत आपापल्या घरी न्याव्यात. ज्यांना एकट्याने उचलणे शक्य नाही त्यांनी कळवावे, रविवारी सकाळी दोन माणसे मदतीला असतील. मागच्या रांगेत प्रत्येकाने दुचाकी भिंतीला काटकोनात, मीटरभर जागेत लावावी. सध्या त्या रांगेत १३ गाड्या राहतात. सरळ लावल्यास १८ राहतील आणि दारासमोरच्या तसेच फाटकापाशी लागणाऱ्या गाड्यांना तेथेच जागा मिळेल. दाराचे बाहेरचे कुलूप काढले आहे. आतल्या कडीला कुलूप घालू नये.

पार्किंगच्या रेघा मंजूर नकाशाप्रमाणे पुन्हा मारण्याचे काम पाऊस थांबल्यावर, दोन टप्प्यांत होईल. तारखा चार दिवस आधी फलकावर लावू. आपल्या जागेविषयी शंका असल्यास त्याआधी समितीकडे नकाशा पाहून घ्यावा."

हे पत्र ग्रुपवर टाकण्याच्या आधल्या दिवशी त्या तीन गाड्यांच्या मालकांना प्रत्यक्ष भेटा. "दादा, उद्या असे पत्र निघणार आहे, तुमचा नंबर त्यात नाही, मागच्या रांगेत जागा करून दिली आहे" एवढे बोलणे पुरते. जिन्यात कूलर असलेल्या घरीही तसेच करा. भाडेकरूंना पत्राची छापील प्रत दारात द्या; ते बहुधा सोसायटीच्या ग्रुपवर नसतात आणि रात्री उशिरा येणाऱ्यांत त्यांचे प्रमाण कमी नसते.

खडूची चौकट पत्र द्याल त्याच संध्याकाळी आखा. दाराच्या दोन्ही कडांना ३० सेंटिमीटर जादा धरून १.६ मीटर रुंद, आणि दार पूर्ण उघडल्यावर त्याच्यापुढे मीटरभर चालता यावे म्हणून २ मीटर खोल. तेथून मोकळ्या आवारापर्यंत दीड मीटरची पट्टीही मोकळी दाखवा, नाही तर चौकट रिकामी राहील आणि तिच्या तोंडाशी गाडी उभी राहील. हे माझे कामचलाऊ माप आहे. मंजूर नकाशात तेथे अधिक रुंद मार्ग दाखवला असेल तर नकाशा प्रमाण माना. चौकटीमुळे १८ मीटरच्या रांगेतली एकही जागा जात नसल्याची खात्री नकाशावर करून घ्या. कोणाला वाटून दिलेली जागा हलवावी लागत असेल, तर तो विषय समितीने परस्पर न उरकता सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.

रंगाचे काम लहान आहे, पण ते घाईत बिघडते. दसरा-दिवाळीच्या आसपासचा कोरडा काळ त्याला उत्तम. मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवर रंग वरवर सुकतो आणि खाली धरत नाही; पावसाळ्यात जमिनीतला ओलावा त्याला उचलतो. जमीन सुकली आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला रात्रभर चिकटवून ठेवा. सकाळी त्याच्या खालच्या अंगाला दव दिसले तर थांबा. अर्धे पार्किंग रिकामे करून आधी झाडणे, मग तारेचा ब्रश, तेलाच्या डागांवर धुण्याची पावडर, पाण्याने धुणे आणि पूर्ण एक दिवस वाळवणे. काँक्रीट आरशासारखे घोटलेले असेल तर रेघेपुरते घासून खरबरीत करून घ्या. रंग रस्त्यावरच्या पट्ट्यांचाच मागा. घराच्या ग्रिलला लावायचा ऑइलपेंट गरम टायरला चिकटून निघून येतो. दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून १० सेंटिमीटर रुंदीची रेघ, पातळ दोन हात.

किती रंग लागेल याचा अंदाज तुम्हीच काढू शकता. १८ दुचाकींसाठी २ मीटरच्या १९ आडव्या रेघा म्हणजे ३८ मीटर, आणि पुढची १८ मीटरची रेघ, मिळून ५६ मीटर. १० सेंटिमीटर रुंदीने ते ५.६ चौरस मीटर होतात, दोन हातांचे ११ च्या आसपास. खरबरीत काँक्रीटवर मी लिटरला पाच चौरस मीटर धरतो, म्हणजे या रांगेला सव्वादोन लिटर. चारचाकींच्या जागा ५ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद धरून त्यांचाही असाच हिशेब करा. ठेकेदाराने याच्या तिप्पट रंग सांगितला तर त्याला रेघा मोजून दाखवायला सांगा. दारासमोरची पिवळी चौकट सर्वांत आधी मारून घ्या आणि चोवीस तास तिच्याभोवती दोरी बांधा. चौकटीत "आग मार्ग" ही अक्षरे दारातून बाहेर येणाऱ्याच्या बाजूने न लिहिता गाडी घेऊन येणाऱ्याला सरळ वाचता येतील अशी लिहा. मी अनेक ठिकाणी ती उलटी पाहिली आहेत.

पत्रानंतर पहिल्या आठवड्यात रोज रात्री साडेदहाला त्याच खांबापासून एक फोटो घ्या आणि ग्रुपवर न टाकता समितीकडे ठेवा. एखादी गाडी पुन्हा दिसली तर आधी मागची रांग मोजा. तेथे १८ नसतील, तर दोष त्या गाडीचा नाही, रांग अजून सरळ झालेली नाही. १८ भरल्या असूनही दारासमोर गाडी असेल, तर इमारतीत जागांपेक्षा गाड्या जास्त आहेत. तो प्रश्न पत्राने सुटणार नाही, त्यासाठी सभेत दुसऱ्या दुचाकीची व्यवस्था ठरवावी लागेल. आणि फोटोत गाडी नसली तरी जिना उतरून दार एकदा स्वतः आतून ढकलून पाहा, कारण कुलूप परत आलेले असले तर ते फोटोत पुन्हा कोणाच्या लक्षात येणार नाही.